कागद विद्यार्थ्याचे, हिशेब पैशांचा



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते ते आयुष्यभर शिक्षक होते. म्हणून विषय शिक्षणाचाच घेतला आहे, पण वर्गातला नव्हे, ऑफिसच्या खिडकीतला. गेली बरीच वर्षं मी विद्यार्थ्यांच्या तक्रारींची वकिली करतो. जुलै उजाडला की ऑक्टोबरपर्यंत एकच प्रश्न घेऊन माणसं येत राहतात. मुलीनं प्रवेश रद्द केला, दुसरीकडे नंबर लागला, पण पहिलं कॉलेज ओरिजिनल देत नाही. दहावी-बारावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रिमीलेअर, डोमिसाईल, सगळं एका पाकिटात, आणि पाकीट कॉलेजच्या कपाटात. कॉलेज म्हणतं, उरलेल्या वर्षांची फी भरा आणि घेऊन जा.

कॉलेजला असं म्हणता येतं का, कायद्यानं त्याला काय ठेवून घेता येतं आणि काय येत नाही, एवढंच आज बोलायचं आहे. पदवी आणि अभियांत्रिकीसारख्या अभ्यासक्रमांपुरतं बोलतो. वैद्यकीय प्रवेशाचे जागा सोडण्याचे नियम आणि बंधपत्रं वेगळी आहेत, त्यांची सरमिसळ आज करत नाही.

प्रवेश रद्द केला की दोन प्रश्न तयार होतात. पैसे किती परत मिळणार, हा पहिला. कागद परत मिळणार का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर तारखेवर अवलंबून आहे, अभ्यासक्रमावर आहे, कधी कधी रिकामी झालेली जागा भरली गेली की नाही यावरही आहे. त्यात विद्यार्थ्याची बाजू लंगडी असू शकते, पूर्ण हरलेलीही असू शकते. दुसऱ्याचं उत्तर यातल्या कशावरच अवलंबून नाही. एक रुपयाही परत मिळणार नसला तरी कागद परत मिळतात. अडवणूक होते ती या दोन प्रश्नांची गाठ मारल्यामुळे. गाठ कॉलेज मारतं हे खरं, पण पालक ती मान्य करून बसतात, हेही तितकंच खरं. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक अर्जांत पहिल्या ओळीत फी असते आणि शेवटच्या ओळीत 'तसेच कागदपत्रे'. त्या 'तसेच'नं निम्मी लढाई हरलेली असते.

विद्यापीठ अनुदान आयोगानं ऑक्टोबर २०१८ मध्ये एक अधिसूचना काढली. शुल्क परतावा आणि मूळ प्रमाणपत्रं ठेवून न घेणं, असे दोन्ही विषय तिच्या नावातच आहेत. आयोगाला हे पहिल्यांदा सुचलं असंही नाही. एप्रिल २००७ मध्ये जाहीर सूचना निघाली होती, २०१६ मध्ये पुन्हा अधिसूचना निघाली, आणि तरी प्रकार थांबले नाहीत म्हणून २०१८ ची आली. तिच्यातला कागदांचा भाग मी अनेकदा प्राचार्यांसमोर वाचून दाखवला आहे. त्यातली पायरी न् पायरी ठरवून दिलेली आहे. अर्ज भरताना मूळ गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला किंवा तसे कागद जमा करण्याचा आग्रह कोणत्याही संस्थेनं धरायचा नाही. विद्यार्थ्यानं स्वतः साक्षांकित केलेल्या प्रती पुरेशा आहेत. प्रवेशाच्या वेळी मूळ कागद विद्यार्थ्यासमोर तपासायचे, खात्री पटली की तिथल्या तिथे परत द्यायचे, आणि साक्षांकित प्रती फाईलला लावायच्या. कोणत्याही कारणानं किंवा सबबीनं मूळ कागद संस्थेच्या ताब्यात घेण्याला सक्त मनाई आहे, आणि कारणही तिथेच दिलं आहे: सोडून जाऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याला धाक दाखवायला त्याचा वापर होऊ शकतो.

म्हणजे प्रवेश रद्द झाल्यावर कागद द्यायचे की नाहीत, इथपर्यंत गोष्ट यायलाच नको होती. प्रवेशाच्या दिवशी ते कपाटात गेले तेव्हाच नियम मोडला गेला. पण त्या दिवशी आपण खिडकीशी भांडत नाही. मागे दीडशे मुलांची रांग असते, फेरीची मुदत संध्याकाळी संपत असते, आणि 'ओरिजिनल जमा केल्याशिवाय प्रवेश कन्फर्म होणार नाही' असं सांगितलं जातं. भांडून प्रवेश घालवायला कोणाला सांगणार? त्या वेळी कागद द्यावेच लागले तर दिलेल्या कागदांची यादी करून तिच्यावर कॉलेजचा शिक्का घ्या, एवढं मात्र जमण्यासारखं आहे. शिक्का मिळाला नाही तर त्याच दिवशी कॉलेजच्या ईमेलवर यादी पाठवा. पुढे 'आमच्याकडे कागद नाहीतच' असं उत्तर आलं, तर तो ईमेल उपयोगी पडतो.

आता कायद्याचा पाया. फी बाकी आहे म्हणून वस्तू अडवून ठेवण्याच्या हक्काला कायद्यात धारणाधिकार म्हणतात. भारतीय करार कायदा १८७२ सालचा. त्यात दोन कलमं आहेत. कलम १७० सांगतं की सोपवलेल्या वस्तूवर ज्यानं मेहनत किंवा कौशल्य खर्च केलं, त्याला तेवढ्या मोबदल्यापुरती ती वस्तू ठेवता येते. घड्याळ दुरुस्त करणाऱ्याचे पैसे दिले नाहीत तर तो घड्याळ ठेवून घेऊ शकतो, ते या कलमामुळे. बारावीच्या गुणपत्रिकेवर कॉलेजनं कोणतीही मेहनत केलेली नाही. मेहनत मुलीची आहे आणि कागद बोर्डाचा आहे. कलम १७१ सर्वसाधारण येणं बाकी असताना वस्तू अडवण्याचा हक्क देतं, पण तो मोजक्या लोकांना: बँकर, अडते, धक्क्यावरचे माल सांभाळणारे, उच्च न्यायालयाचे वकील आणि विमा दलाल. बाकी कोणालाही हा हक्क नाही, स्पष्ट करार असेल तरच मिळतो, असं कलमातच म्हटलं आहे. शिक्षणसंस्था या यादीत नाही. मद्रास उच्च न्यायालयानं तर यापुढे जाऊन सांगितलं आहे की शैक्षणिक प्रमाणपत्र ही बाजारात विकता येणारी वस्तूच नव्हे, त्यामुळे तिच्यावर कलम १७१ चा धारणाधिकार चालत नाही. मला हा विचार फार मोलाचा वाटतो. गहाण वस्तू विकून सावकाराला पैसे वसूल करता येतात. गुणपत्रिका विकून कॉलेजला काय मिळणार? तिची किंमत फक्त त्या मुलीसाठी आहे, आणि म्हणूनच ती अडवली जाते. ही वसुली नव्हे, दबाव आहे.

'स्पष्ट करार असेल तर' या शब्दांना धरून कॉलेजं हमीपत्र पुढे करतात. प्रवेशाच्या दिवशी स्टॅम्प पेपरवर सही घेतलेली असते: अभ्यासक्रम मधेच सोडल्यास संपूर्ण अभ्यासक्रमाची फी भरीन आणि तोपर्यंत कागदपत्रं मागणार नाही. पालक हा कागद बघून गळून जातात. 'सही केली आहे हो आम्ही' म्हणतात. सही केली म्हणून सगळं पक्कं होत नाही. ज्या करारानं कायद्याची तरतूद निष्फळ होते किंवा जो सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध आहे तो करार त्याच कायद्याच्या कलम २३ नुसार टिकत नाही. नियामक संस्थेनं ज्याला सक्त मनाई केली आहे, तेच करायची परवानगी प्रवेशाच्या रांगेत उभ्या असलेल्या मुलाकडून लिहून घेतली, तर त्या कागदाला किती वजन द्यायचं हे न्यायालयाला कळतं.

पण कॉलेजची बाजूही आहे आणि ती मी टाळणार नाही. शेवटची फेरी संपल्यावर एखादा विद्यार्थी गेला तर त्या वर्षी ती जागा रिकामी राहते. विनाअनुदानित संस्थेला त्या जागेचा खर्च येतोच. सर्वोच्च न्यायालयानं हे ध्यानात घेतलं आहे. इस्लामिक अकॅडमी विरुद्ध कर्नाटक राज्य या २००३ च्या निकालात न्यायालय म्हणालं की संस्थेनं एका वेळी एकाच सत्राची किंवा वर्षाची फी घ्यावी, आणि विद्यार्थी मधेच सोडून जाईल अशी भीती वाटत असेल तर फार तर बंधपत्र किंवा बँक हमी मागावी. 'फार तर' हे शब्द महत्त्वाचे आहेत. नुकसानीची भीती असलेल्या संस्थेला न्यायालयानं दिलेलं शेवटचं साधन बंधपत्र हे आहे. मुलाची गुणपत्रिका त्या साधनांत नाही. बंधपत्र असेल तर त्यावर दिवाणी दावा लावावा, न्यायाधीशांसमोर खरं नुकसान सिद्ध करावं आणि मिळेल ते घ्यावं.

आणि ते नुकसान तीन वर्षांचं असतंच असं नाही. अभियांत्रिकीत पहिल्या वर्षी रिकाम्या राहिलेल्या जागा पुढच्या वर्षी पदविकाधारकांना थेट दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशासाठी उपलब्ध होतात. तंत्रशिक्षणाच्या अखिल भारतीय परिषदेनं, म्हणजे एआयसीटीईनं, आपल्या मान्यता प्रक्रिया पुस्तिकेत लिहून ठेवलं आहे की प्रवेश रद्द करणाऱ्याकडून पुढच्या वर्षांची फी मागायची नाही. रिकामी जागा भरली गेली नाही, तरी अनामत आणि मूळ कागद परत करायचेच, हेही तिथेच आहे. म्हणजे संस्थेचं सर्वांत जास्त नुकसान ज्या प्रसंगात होतं, त्या प्रसंगातही परिषदेनं कागद सोडवलेले आहेत.

मग कॉलेजला कायदेशीरपणे काय ठेवता येतं? साक्षांकित प्रती ठेवता येतात, प्रवेश अर्ज ठेवता येतो, नियमात बसेल तेवढी फी ठेवता येते. ग्रंथालयाचं पुस्तक परत आलं नसेल किंवा प्रयोगशाळेत काही फुटलं असेल तर अनामत रकमेतून ती किंमत कापता येते. अनामत घेतली जाते ती त्यासाठीच. 'नो ड्यूज'च्या कागदावर पाच विभागांच्या सह्या आणा मग ओरिजिनल देऊ, असं म्हणणाऱ्या कॉलेजला विचारा की अनामत कशासाठी घेतली होती.

कागद बनावट असल्याचा संशय आला तर? अधिसूचनेनं हाही विचार केला आहे. ज्या बोर्डानं किंवा विद्यापीठानं कागद दिला त्यांच्याकडे पडताळणीसाठी पाठवावं आणि प्रवेश त्या उत्तरावर अवलंबून ठेवावा, पण मूळ कागद अडवायचा नाही.

एका कागदाबद्दल मात्र थोडं थांबून सांगायला हवं, कारण इथे प्रामाणिक गोंधळ आहे. तो म्हणजे एलसी. आपल्याकडे वर्षानुवर्षांची पद्धत अशी की कनिष्ठ महाविद्यालयाचा शाळा सोडल्याचा दाखला नव्या कॉलेजात जमा होतो, जनरल रजिस्टरला त्यावरून नोंद होते, आणि विद्यार्थी कॉलेज सोडतो तेव्हा नवं कॉलेज स्वतःचा दाखला देतं. दुसऱ्या बोर्डातून किंवा विद्यापीठातून आलेल्याचं मायग्रेशनही असंच पात्रतेसाठी पुढे जातं. अधिसूचनेत शाळा सोडल्याच्या दाखल्याचा उल्लेख नावानं आहे, तरी ही पद्धत चालू आहे. म्हणून अर्ज करताना मी दोन पर्याय लिहायला सांगतो: जमा केलेला मूळ दाखला परत करावा, किंवा रजिस्टरला नोंद झाली असल्यास महाविद्यालय सोडल्याचा दाखला द्यावा. अर्जात दोन्ही लिहिलं असलं की क्लार्कला 'एलसी परत देता येत नाही' एवढं सांगून फाईल बाजूला ठेवता येत नाही. नवा दाखला हातात आला की त्यावरचं नाव, जन्मतारीख आणि जात जुन्या दाखल्याच्या झेरॉक्सशी ताडून पाहा. एका अक्षराची चूक पुढे जात पडताळणीत महिने खाते.

आता एक प्रकरण आकड्यांसह बघू. उदाहरण मी बेतलेलं आहे, पण त्यात जे घडतं ते दर हंगामात घडतं. हिंगोली जिल्ह्यातल्या एका मुलीनं शहरातल्या कॉलेजात बी.एस्सी.च्या विनाअनुदानित तुकडीत प्रवेश घेतला. भरलेली रक्कम ८०,००० रुपये, त्यात ५,००० अनामत. प्रवेशाची जाहीर अंतिम तारीख ३१ जुलै. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात तिचा शासकीय कृषी महाविद्यालयात नंबर लागला. १२ ऑगस्टला वडील कॉलेजात गेले आणि तोंडी सांगून आले. क्लार्क म्हणाला, साहेब सुट्टीवर आहेत, आठ दिवसांनी या. २० तारखेला गेले, लेखी अर्ज दिला. तेव्हा उत्तर मिळालं की उरलेल्या दोन वर्षांची फी, म्हणजे दीड लाख भरा आणि कागद न्या.

२०१८ च्या अधिसूचनेनं परताव्याचं कोष्टक दिलं आहे. अंतिम तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी अर्ज केला तर सगळी फी परत. त्यातून प्रक्रिया खर्च कापता येतो, पण फीच्या ५ टक्क्यांहून किंवा ५,००० रुपयांहून जास्त नाही. अंतिम तारखेपूर्वी १५ दिवसांच्या आत अर्ज केला तर ९० टक्के. अंतिम तारखेनंतर १५ दिवसांपर्यंत ८० टक्के, त्यापुढे ३० व्या दिवसापर्यंत ५० टक्के, आणि ३० दिवसांनंतर काही नाही. अनामत मात्र पूर्ण परत, ती या हिशेबात येत नाही. लेखी अर्ज मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम द्यायची.

आता मांडा. फी ७५,०००. अर्ज १२ ऑगस्टचा असता तर बारावा दिवस, ८० टक्के, म्हणजे ६०,००० आणि अनामत धरून ६५,०००. अर्ज २० ऑगस्टचा आहे, विसावा दिवस, ५० टक्के, ३७,५०० आणि अनामत धरून ४२,५००. तोंडी सांगण्यात आणि 'साहेब सुट्टीवर' ऐकून परतण्यात २२,५०० रुपये गेले. अर्ज प्राचार्यांच्या हातातच द्यावा लागतो असा नियम नाही. तो आवक-जावक विभागात द्यायचा असतो, आणि तो विभाग प्राचार्यांच्या सुट्टीत बंद नसतो. घेतला नाही तर त्याच दिवशी ईमेल करावा आणि स्पीड पोस्टानं पाठवावा.

कोष्टकाच्या दोन मर्यादा आहेत. अलीकडच्या वर्षांत आयोग दर हंगामात वेगळं परिपत्रक काढून अधिक सवलत देतो. २०२४-२५ साठी ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत प्रवेश रद्द करणाऱ्यांना पूर्ण परतावा ठरवला होता. म्हणून चालू वर्षाचं परिपत्रक आधी बघावं, मग कोष्टक. दुसरी मर्यादा म्हणजे राज्याच्या सीईटी कक्षाच्या केंद्रीभूत फेऱ्यांतून मिळालेल्या प्रवेशाला त्या प्रक्रियेची स्वतःची तारीख आणि स्वतःचा नियम असतो. तिथे प्रवेश रद्द करण्याचा अर्ज आधी विद्यार्थ्याच्या लॉगिनमधून ऑनलाईन करावा लागतो, त्याची सही केलेली प्रत कॉलेजला द्यावी लागते आणि कॉलेजनं तो पोर्टलवर रद्द करावा लागतो. हाती नुसता कागदी अर्ज असेल तर पोर्टलवर जागा विद्यार्थ्याच्याच नावावर राहते.

पण या मुलीच्या कागदांचं काय? कोष्टकात कुठेही बसवा, तारीख ३१ जुलै असो की ३१ ऑक्टोबर, त्यांना ते लागूच नाही. दीड लाखाची मागणी बेकायदा आहे. ४२,५०० मिळायला वेळ लागला तर लागू द्या, त्यासाठी कृषी महाविद्यालयातली जागा घालवायची नाही. म्हणून मी अशा प्रकरणात दोन वेगळे अर्ज द्यायला लावतो. एक शुल्क परताव्याचा, दुसरा फक्त मूळ कागदांचा. दुसऱ्या अर्जात पैशांचा शब्दही नको. त्यात प्रत्येक कागद क्रमांकासह लिहायचा: बारावीची गुणपत्रिका, तिचा बैठक क्रमांक, वर्ष आणि महिना, जात वैधता प्रमाणपत्र, त्याचा क्रमांक आणि समितीचं नाव. मग २०१८ च्या अधिसूचनेचा एका वाक्यात उल्लेख, नव्या प्रवेशाची अंतिम तारीख आणि सही. दोन प्रती न्यायच्या, आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यायचा.

मधल्या काळात नव्या कॉलेजात दाखवायचं काय? बोर्डाची गुणपत्रिका डिजिलॉकरमध्ये असेल तर ती काढावी. डिजिलॉकरमधून मिळालेला कागद मूळ कागदासारखाच धरायचा, असा नियम केंद्रानं फेब्रुवारी २०१७ मध्ये केला आहे. तरी काही ठिकाणी कागद हातातच मागतात आणि सगळेच दाखले तिथे नसतात. तेव्हा कॉलेजला दिलेल्या अर्जाची शिक्का असलेली प्रत नव्या कॉलेजला दाखवून मुदत मागावी. ती मिळेलच याची हमी मी देत नाही, पण शिक्क्याची प्रत असलेल्या विद्यार्थ्याचं ऐकून घेतात, हा माझा अनुभव आहे.

कॉलेजकडून येणारी काही उत्तरं ठरलेली आहेत. 'कागद पात्रतेसाठी विद्यापीठात गेलेत.' खरं असेल तर पाठवल्याचं पत्र असतं, त्याला जावक क्रमांक असतो. तो लेखी मागा. खरंच गेले असतील तर तो पाच मिनिटांत मिळतो. मिळाला नाही तर कागद कपाटातच आहेत असं समजा. दुसरं उत्तर, 'शिष्यवृत्ती शासनाकडून आली नाही.' राखीव प्रवर्गातल्या मुलांना हे हमखास ऐकावं लागतं. शासनाकडचं येणं हे कॉलेज आणि शासन यांच्यातलं आहे. त्यासाठी मुलाची जात वैधता अडवणं म्हणजे ज्या कागदामुळे त्याला शिष्यवृत्ती मिळायची तोच त्याच्याकडून काढून घेणं. हे मला सर्वांत जास्त लागतं.

सात-आठ दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढची पायरी कॉलेजच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीची. ११ एप्रिल २०२३ च्या आयोगाच्या विनियमांत तक्रार म्हणजे काय याची यादी आहे. जो अभ्यासक्रम करायचा नाही त्याची फी भरायला लावण्यासाठी जमा केलेला कागद अडवणं, हे त्या यादीत स्वतंत्रपणे आहे. अर्जात हेच शब्द वापरले की समितीला विषय आपल्या कक्षेत नाही असं म्हणता येत नाही. समितीनं १५ कामकाजाच्या दिवसांत निर्णय द्यायचा. तो पटला नाही तर १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे जायचं. हा लोकपाल माजी कुलगुरू, निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश असतो, आणि त्यानं ३० दिवसांत निकाली काढायचं असतं. सोबत आयोगाच्या ई-समाधान पोर्टलवर आणि विद्यापीठाच्या कुलसचिवांकडे प्रत टाकायची. संलग्नता विद्यापीठाच्या हातात असल्यामुळे बरीच प्रकरणं कुलसचिवांच्या एका पत्रानं सुटतात. लोकपालापर्यंत जावं लागतं ती थोडी.

ग्राहक आयोगाचा सल्ला मात्र मी देत नाही. शिक्षणसंस्था ग्राहक कायद्याखाली सेवा देते का, यावर सर्वोच्च न्यायालयाचेच निकाल संस्थांच्या बाजूनं झाले आहेत आणि प्रश्न पुन्हा न्यायालयासमोर गेला आहे. सहा आठवड्यांत कागद हवे असलेल्या मुलीनं तिथे वेळ घालवू नये. पोलीस बहुतेकदा हा दिवाणी मामला म्हणून परत पाठवतात. वेळ खरोखर संपत आली असेल तर उच्च न्यायालयात अनुच्छेद २२६ खाली याचिका हा मार्ग आहे. हिंगोलीच्या मुलीला त्यासाठी मुंबई गाठायची गरज नाही, छत्रपती संभाजीनगरचं खंडपीठ आहे. याचिकेत पहिली मागणी कागदांचीच ठेवायची आणि अंतरिम आदेश मागायचा. फीचा वाद पुढे चालू राहतो. त्याआधी एक वकिली नोटीस जाते, आणि नोटिशीबरोबर शिक्क्याची प्रत, कागदांची क्रमांकवार यादी आणि नव्या प्रवेशाचं पत्र जोडलेलं असेल तर अनेकदा याचिका करावीच लागत नाही.

शेवटी कागद देण्याचा दिवस. फोन येतो, 'उद्या येऊन घेऊन जा.' त्या दिवशी टेबलावर दोन गोष्टी असतात: एक पाकीट आणि एक छापील पोचपावती. पोचपावतीत बहुधा लिहिलेलं असतं की सर्व मूळ कागदपत्रे मिळाली व माझी महाविद्यालयाविरुद्ध कोणतीही तक्रार किंवा मागणी शिल्लक नाही. सही करण्याआधी पाकीट उघडा. आपल्या यादीतला प्रत्येक क्रमांक लावून बघा, दोन्ही बाजू बघा, एखाद्या गुणपत्रिकेवर 'प्रवेश दिला' असा शिक्का मारला आहे का बघा. मग 'मागणी शिल्लक नाही' हे शब्द काट मारून खोडा, शेजारी छोटी सही करा आणि हातानं लिहा: खालील कागद मिळाले, शुल्क परताव्याचा हक्क राखून. त्याखाली मिळालेले कागद एकेक करून लिहा, तारीख टाका, आणि त्या पानाचा मोबाईलवर फोटो काढल्याशिवाय ते परत देऊ नका. क्लार्क म्हणेल, खोडाखोड चालत नाही. मग साध्या कोऱ्या कागदावर तीच पोच लिहून द्या. तीही नको म्हणाले तर कागद घेऊन बाहेर या आणि जिन्यातच उभं राहून त्यांना ईमेल करा, की आज अमुक वाजता अमुक कागद मिळाले, परताव्याचा अर्ज प्रलंबित आहे.